बंदूक काढून घेतल्यावर उरलेली गोष्ट

वॉकिंग सिम्युलेटर हा व्हिडिओ गेमचा असा प्रकार आहे, ज्यात खेळाडूने मुख्यतः चालायचे, पाहायचे, ऐकायचे आणि वस्तू हातात घेऊन न्याहाळायच्या असतात. त्यात शत्रू नसतात, गुण मोजले जात नाहीत आणि बहुतेक वेळा हरण्याची सोयही नसते. एखादी जागा, तिथे पूर्वी काहीतरी घडून गेलेले, आणि ते काय होते याचा माग काढत फिरणारा खेळाडू, एवढाच त्याचा ऐवज. हे नाव आधी कुचेष्टेने दिले गेले होते. ज्यात फक्त चालायचे त्याला गेम कसे म्हणायचे, असा टोमणा त्यात होता. आता ते दुकानांतल्या वर्गवारीत आणि समीक्षेत सरळ अर्थाने वापरले जाते.

या प्रकाराचा जन्म मात्र गोळीबाराच्या गेमच्या पोटातून झाला. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात शिकवणारे डॅन पिंचबेक यांनी २००८ साली ‘हाफ-लाइफ २’ या प्रसिद्ध नेमबाजीच्या गेमचे तंत्र घेऊन ‘डिअर एस्थर’ तयार केला. तो संशोधनाचा भाग होता. डोळ्यांसमोर बंदूक धरून खेळायच्या गेममधून बंदूकच काढून घेतली, तर खेळाडूला धरून ठेवायला काय उरते, हा त्यामागचा प्रश्न. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांपैकी एका ओसाड बेटावर खेळाडू चालत राहतो आणि एका पुरुषाच्या आवाजात पत्रांचे तुकडे ऐकू येतात. कोणता तुकडा ऐकू येईल हे काही अंशी नशिबावर सोडलेले असल्याने दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत एकच नसते. २०१२ साली त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती विक्रीला आली आणि चांगली खपली.

तरीही हा प्रकार गोष्ट कशी सांगतो हे समजून घ्यायला ‘डिअर एस्थर’पेक्षा ‘गॉन होम’ अधिक उपयोगी आहे, कारण त्यातली यंत्रणा उघड्यावर दिसते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या फुलब्राइट या अगदी लहान चमूने तो २०१३ साली प्रसिद्ध केला. काळ १९९५ च्या जून महिन्यातला. केटी ग्रीनब्रायर ही तरुणी वर्षभर युरोपात फिरून वादळी रात्री घरी परतते. ती नसताना कुटुंब या नव्या घरात राहायला आले आहे, त्यामुळे घर तिलाही अनोळखी आहे. आईवडील घरी नाहीत, धाकटी बहीण सॅम नाही, आणि दारावर सॅमची चिठ्ठी आहे : मी कुठे गेले याचा शोध घेऊ नकोस. यापुढचा सुमारे दोन तासांचा खेळ म्हणजे हे घर खोलीखोलीने पाहणे. (पुढील मजकुरात त्यातली रहस्ये उघड केली आहेत.)

घर रिकामे असण्याचे कारण कलात्मक आहे तसेच व्यावहारिकही. हालचाल करणारी, बोलणारी माणसे पडद्यावर उभी करणे खर्चाचे काम असते आणि ते या चमूला परवडणारे नव्हते. मग माणसांऐवजी त्यांच्या वस्तू ठेवल्या. वर्ष १९९५ निवडण्यातही हाच हिशेब आहे. मोबाइल आणि ईमेल घरोघर पोचण्याआधी लोक एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत, गाणी कॅसेटवर भरून देत, निरोप फोनच्या यंत्रावर ठेवत. म्हणजे त्यांचे आयुष्य घरभर पसरलेल्या कागदांत आणि वस्तूंत सापडण्याजोगे होते. दहा वर्षे पुढची कथा असती तर सगळे काही एका फोनच्या पडद्यामागे बंद राहिले असते.

खेळाडू मोकळेपणाने भटकतो असे वाटते, पण गोष्टीचा क्रम दारांच्या कुलपांनी बांधलेला असतो. आधी दर्शनी दालन, वरच्या खोल्या आणि घराची एक बाजू उघडी असते. तिथल्या शोधातून तळघराची वाट मिळते, तळघरातून दुसऱ्या बाजूला जाता येते, आणि सर्वांत शेवटी माळा. कादंबरीकार प्रकरणे लावतो तशी इथे खोल्यांची मांडणी केलेली आहे. एका खोलीच्या आत मात्र क्रम खेळाडूचा. टेबलाचा खण आधी उघडायचा की भिंतीवरचे चित्र आधी पाहायचे, हे त्याने ठरवायचे. म्हणून लेखकाला प्रत्येक खोलीतला मजकूर असा रचावा लागतो, की तो कोणत्याही क्रमाने वाचला तरी अर्थ लागावा आणि पुढच्या खोलीला लागणारे धागे मात्र हुकू नयेत.

सॅमची गोष्ट हुकू नये यासाठी ‘गॉन होम’ आवाजाचा आधार घेते. काही ठराविक वस्तूंना हात लावला की सॅमच्या दैनंदिनीतला एखादा उतारा तिच्याच आवाजात ऐकू येतो. नव्या शाळेतली एकटी मुलगी, तिला भेटलेली लॉनी, दोघींची मैत्री, मग प्रेम, आईवडिलांनी ते मनावर न घेणे, आणि लष्करात जायला निघालेल्या लॉनीचा विरह. हे सगळे सरळ, काळाच्या क्रमाने आणि स्पष्ट शब्दांत येते. ही या गेमची सर्वांत गाजलेली बाजू आहे. पण रचनेच्या दृष्टीने ती सर्वांत सोपीही आहे, कारण इथे गोष्ट आवाज सांगतो आणि घर तिची पार्श्वभूमी होते.

खरी करामत वडिलांच्या, म्हणजे टेरीच्या, गोष्टीत आहे, कारण ती कोणीच सांगत नाही. टेरी हा फारसा न खपलेला कादंबरीकार आहे. त्याच्या पुस्तकांचे न उघडलेले खोके घरात पडलेले दिसतात. त्याचा नायक काळात मागे जाऊन १९६३ साली होणारी केनेडींची हत्या टाळतो. हे वाचताना थोडे हसूच येते. हे घर टेरीला त्याच्या ऑस्कर मामाकडून मृत्युपत्राने मिळाले, हे दुसऱ्या कागदावरून कळते. हा मामा गावात औषधांचे दुकान चालवत होता आणि पुढे ते सोडून तो घरात एकांतात राहिला. तळघरात लहानग्या टेरीची उंची मोजल्याच्या खुणा आहेत आणि त्या १९६३ ला थांबतात. तिथेच एक तिजोरी आहे, तिचा क्रमांकही १९६३. आत मामाने आपल्या बहिणीला, म्हणजे टेरीच्या आईला, लिहिलेले क्षमायाचनेचे पत्र आहे. ते तिने न स्वीकारता परत पाठवलेले आहे.

हे तुकडे वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांपासून लांब ठेवलेले आहेत. ते जोडले की मामाने त्या वर्षी भाच्यावर अत्याचार केला असावा, असा निष्कर्ष निघतो. मग भूतकाळात जाऊन एक अनर्थ थांबवू पाहणाऱ्या त्या कादंबऱ्या पुन्हा आठवतात आणि त्यांच्यावर हसू येत नाही. गेम हा निष्कर्ष कुठेही उच्चारत नाही. अनेक खेळाडूंना तो पहिल्या खेपेला कळतही नाही, आणि त्यामुळे शेवटाला बाधा येत नाही. लढाईच्या गेममध्ये खेळाडूचे कसब नेमात आणि चपळाईत असते. इथे ते दोन वस्तूंमधला संबंध ओळखण्यात असते, आणि तो ओळखला की नाही हे यंत्र तपासत नाही.

शत्रू नाहीत म्हणून ताण नाही, असे मात्र नव्हे. वादळ, करकरणाऱ्या फरश्या, मिणमिणते दिवे, हे सारे भयपटाचे सामान इथे मुद्दाम मांडलेले आहे. न्हाणीघरातल्या टबात लालभडक डाग दिसतात, छातीत धस्स होते, आणि शेजारीच केस रंगवण्याची बाटली सापडते. गुप्त वाटेतला क्रूस उचलला की दिवा फुटतो. नेमबाजीच्या गेमवर पोसलेला खेळाडू कोपऱ्यात राक्षसाची वाट पाहत असतो, आणि गेम त्याच सवयीचा उपयोग करून घेते. माळ्याच्या वाटेवरचे लाल दिवे पाहून सॅमने स्वतःचे काही बरेवाईट केले असेल का, ही भीती खरी होते. वर गेल्यावर कळते की ती लॉनीबरोबर निघून गेली आहे.

छोट्या हालचालींतूनही बरेच सांगितले जाते. उचललेली वस्तू होती तिथेच परत ठेवण्याची सोय इथे आहे. खेळाला तिची गरज नाही, तरी पुष्कळ खेळाडू दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे सगळे नीट परत ठेवतात.

हातांनी गोष्ट सांगण्याचे हे तंत्र पुढे ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ने कितीतरी लांब नेले. जायंट स्पॅरो या चमूचा हा २०१७ चा गेम, आणि त्याला पुढच्या वर्षी बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. त्यातला ल्युइस मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. खेळाडूच्या उजव्या हाताने मासा पात्याखाली सरकवून त्याचे मुंडके उडवायचे, पुन्हा दुसरा मासा, पुन्हा तेच. त्याच वेळी डावा हात ल्युइसच्या कल्पनेतल्या माणसाला एका राज्यात फिरवतो. हे राज्य आधी पडद्याच्या एका कोपऱ्यात असते, मग वाढत वाढत सारा पडदा व्यापते, आणि उजवा हात मात्र न पाहताही मासे कापत राहतो. स्वप्नात हरवलेल्या मनाची अवस्था खेळाडूला वर्णनातून नव्हे, तर स्वतःच्या दोन हातांतून कळते. म्हणून राज्याभिषेकासाठी ल्युइस मान झुकवतो तेव्हा ती कशाखाली झुकते आहे हे खेळाडूला आधीच उमगलेले असते.

या पद्धतीचे अपयशही लवकर ओळखू येते. प्रत्येक टेबलावर नेमकी कथेला हवी तीच चिठ्ठी उघडी पडलेली असेल, तर ते घर राहत नाही, पुराव्यांचे प्रदर्शन होते. ध्वनिमुद्रित आवाज प्रमाणाबाहेर वाढला की खेळाडू पाहणे सोडून पुढच्या आवाजाची वाट बघतो. आणि चालण्याचा वेग चुकला तर बाकी सगळे फिके पडते. ‘डिअर एस्थर’च्या कर्त्यांनीच २०१५ साली ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ आणला. माणसे नाहीशी झालेल्या इंग्लिश खेड्यात त्यात इतके संथ चालावे लागे की लोक वैतागले. वेग वाढवणारे बटण खरे तर होते, पण ते दाबून धरल्यावर वेग हळूहळू वाढत असे आणि त्याची कल्पना खेळाडूंना दिलेलीच नव्हती. मग कर्त्यांना खुलासा करावा लागला. संथपणा पाहण्यासाठी असतो. पाहण्यासारखे काही नसलेल्या लांब रस्त्यावर तो नुसता उशीर ठरतो.

दुसरी मर्यादा या प्रकाराच्या मुळाशीच आहे. लढाई दुसऱ्यांदा खेळताना वेगळी होऊ शकते, पण एकदा कळलेले रहस्य पुन्हा न कळलेले होत नाही. ‘गॉन होम’च्या कर्त्यांनी यावर एक मिस्कील तोड काढली. माळ्याची किल्ली कुठे दडवली आहे हे ठाऊक असेल तर थेट तिकडे धावत जाता येते, आणि सबंध गेम एका मिनिटाच्या आत संपवणाऱ्यासाठी त्यांनी एक खास बिल्ला ठेवला आहे.