छप्पर गळतंय? घरमालकाला पत्र असे लिहा



दरवर्षी मृगाचा पहिला दणका बसला की आपल्या कचेरीत मासळीच्या भावाऐवजी छपराच्या गोष्टी सुरू होतात. आपल्यातली बरीच कुटुंबे बंदराजवळ भाड्याच्या कौलारू घरात राहतात. १ जून ते ३१ जुलै बंदी. होडी वर ओढलेली, हातात पैसा कमी, आणि त्यातच घरात ठिकठिकाणी बादल्या. अशा वेळी माणूस चिडतो आणि रागाच्या भरात मालकाशी असे काही बोलतो की पुढे काम अडते.

यंदा आमच्या एका सभासदाच्या घरी हेच झाले. त्यांनी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले, “घर गळतंय, काय ते बघा, नाहीतर या महिन्याचं भाडं विसरा.” घरमालक मडगावला राहतात, वयाने मोठे, माणूस तसा वाईट नाही. त्यांनी उलट उत्तर दिले, “तुम्ही छपरावर जाळी वाळत घालता, म्हणून कौले फुटली.” झाले! छपराचा विषय बाजूला राहिला आणि भांडण भाड्यावर व जाळ्यांवर गेले. आठ दिवस गेले, पाणी गळतच राहिले.

मग वहिनी कचेरीत आल्या. आम्ही चार जण बसलो आणि नीट पत्र लिहिले. त्यांच्या परवानगीने, नावे काढून, ते इथे देत आहोत. पण लिहायच्या आधी त्यांना दोन कामे करायला सांगितली, ती आधी वाचा.

पहिले काम, गळती नेमकी कुठून आहे ते शोधणे. पाणी जिथे ठिबकते तिथेच कौल फुटलेले असते असे नाही. पाणी कौलाखालून रिपेवर येते, वाशावरून उताराने खाली धावते आणि दोन-चार फूट पुढे जाऊन ठिबकते. म्हणून पाऊस थांबल्यावर दिवसा खोलीची दारे-खिडक्या लावून अंधार करायचा आणि वर बघायचे. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे कौल सरकलेले किंवा फुटलेले आहे. उजेड दिसत नाही पण लाकूड काळे पडले आहे, तर पाणी वरच्या अंगाने, बहुधा आढ्याच्या फुटलेल्या गिलाव्यातून येते. वहिनींच्या घरी दोन जागा निघाल्या: स्वयंपाकघरावर तीन कौले तडकलेली, आणि कौलारू छप्पर जिथे मागच्या पत्र्याला मिळते त्या सांध्यातली पन्हळ गंजून फुटलेली.

दुसरे काम, फोटो. एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे कुठली खोली ते कळते. पाणी पडताना छोटा व्हिडिओही काढला. विजेच्या बोर्डावर ओल आली असेल तर फोटोच्या आधी मेन स्विच बंद करा. ओल्या बोर्डाला हात लावू नका, वायरमनला बोलवा.

आता पत्र:

“दिनांक १८ जून

प्रति,
श्री. (घरमालकांचे नाव), मडगाव

विषय: भाड्याच्या घराच्या छपराची गळती दुरुस्त करून मिळण्याबाबत.

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बंदराजवळच्या घरात आम्ही गेली सहा वर्षे भाड्याने राहतो. आजवर आपण आमची अडचण कधी टाळली नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

दिनांक ९ जूनच्या पावसापासून घराचे छप्पर दोन ठिकाणी गळत आहे. (१) स्वयंपाकघरात उत्तरेकडच्या भिंतीपासून सुमारे ४ फुटांवर. इथली तीन कौले तडकलेली आहेत. (२) कौलारू छप्पर व मागचा पत्रा यांच्या सांध्यात. इथली पन्हळ फुटली आहे व पाणी भिंतीतून विजेच्या बोर्डापर्यंत ओल धरत आहे. बोर्डाचा त्या बाजूचा पुरवठा आम्ही बंद ठेवला आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

याबद्दल १० जूनला फोनवर व १२ जूनला निरोपाने आपल्याला कळवले होते. त्यानंतर आमच्याकडून गेलेल्या संदेशात रागाचे शब्द आले, त्याबद्दल क्षमस्व. छपरावर जाळी वाळत घातल्याचे आपण म्हणालात. आमची जाळी बाहेर बांबूवर वाळतात. छपरावर आम्ही काही बांधलेले किंवा ठेवलेले नाही. आपण किंवा आपला मिस्त्री येऊन पाहावे.

आपल्याला विनंती अशी:
१. २१ जूनपर्यंत दोन्ही जागांवर ताडपत्री घालून द्यावी.
२. ५ जुलैपर्यंत पावसाची उघडीप पाहून कौले व पन्हळ बदलून द्यावी.

सध्या बंदी असल्याने आम्ही घरीच असतो. आदल्या दिवशी कळवले तर कोणत्याही वेळी घर उघडून देऊ व सामान हलवून ठेवू.

जूनचे भाडे ५ तारखेस आपल्या खात्यावर जमा केले आहे. पुढचेही वेळेवर जमा करू.

भाडेकरारानुसार छपराची दुरुस्ती घरमालकांकडे आहे. ५ जुलैपर्यंत काम सुरू झाले नाही, तर पुढे काय करायचे ते आपल्याशी लेखी ठरवावे लागेल. तशी वेळ येणार नाही असा विश्वास आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपली नम्र,
(सही, नाव, फोन)

सोबत: फोटो ६, करारपत्राची प्रत.”

पत्र साधेच आहे, पण त्यातली काही वाक्ये आम्ही मुद्दाम घातली आहेत.

जाळ्यांबद्दलचे वाक्य बघा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूच्या हातून झालेले नुकसान भाडेकरूनेच भरून द्यायचे असते. म्हणून मालकाने “तुमच्यामुळे फुटले” म्हटले आणि आपण गप्प राहिलो, तर पुढे तेच आपल्या गळ्यात पडते. एकदा, शांतपणे, लेखी नाकारायचे. आणि खरोखरच आपली माणसे छपरावर चढली असतील तर खोटे लिहू नका. तेवढ्या कौलांचा खर्च आपण देतो असे सांगा, बाकीचे काम मालकाकडे मागा.

दुसरे, भाडे. वहिनींच्या घरात सगळ्यांचा आग्रह होता की भाडे अडवायचे. आम्ही स्पष्ट नाही म्हटले. भाडे थकवणे हे घर खाली करून मागायला मालकाला मिळणारे सगळ्यात सोपे कारण आहे. छप्पर गळते ही आपली बाजू, भाडे थकले ही त्यांची बाजू. आपली बाजू बळकट असताना त्यांना एक बाजू हातात कशाला द्यायची? भाडे खात्यावर भरा, रोख देत असाल तर पावती घ्या.

तिसरे, तारखा. “लवकर करा” याला काही अर्थ नाही. मे-जूनमध्ये कौले बदलणारा मिस्त्री मिळणे किती कठीण ते आपल्याला ठाऊक आहे, आणि भर पावसात ओल्या कौलांवर कोणी चढू नये. म्हणून मागणी दोन टप्प्यांत केली. ताडपत्री तीन दिवसांत होऊ शकते, पक्के काम उघडीप मिळाल्यावर. शक्य तेवढेच मागितले की मालकाला “हे जमणारच नाही” म्हणायला जागा राहत नाही.

चौथे, “भाडेकरारानुसार” हा शब्द. हा लिहायच्या आधी आम्ही करार उघडून बघितला. याच कलम १०८ मध्ये असेही आहे की, जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. पण ‘बांधलेला आहे’ हे महत्त्वाचे. करारात छप्पर मालकाकडे आहे का, ते आधी वाचा. करारात काहीच नसेल किंवा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल, तर या कलमाच्या भरवशावर पैसे कापू नका. आधी वकिलाला करार दाखवा.

सीमेपलीकडे वेंगुर्ले-मालवण भागात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांसाठी हेही सांगतो. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू असेल तर कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम आहे. कमीत कमी १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केले नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. वहिनींचे भाडे महिना ४,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे ५४,०००. हेच घर वेंगुर्ल्याला असते तर मर्यादा १३,५०० रुपये झाली असती.

स्वतः दुरुस्ती करायची वेळ आलीच, तर दोन मिस्त्र्यांकडून लेखी अंदाज घ्या, दुसऱ्या पत्रासोबत ते मालकाला पाठवा, आणि “अमुक तारखेला काम सुरू करतो” असे कळवूनच हात घाला. जेवढे फुटले तेवढेच बदला. कौले काढून पत्रे घालणे, पडवी वाढवणे ही दुरुस्ती नव्हे. त्याचे पैसे मिळणार नाहीत आणि परवानगीशिवाय घरात बदल केला म्हणून उलट आपल्यावरच येईल. बिले जपून ठेवा.

पत्र स्पीड पोस्टाने रजिस्टर करून, पोचपावतीसह पाठवा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. एक प्रत सहीसकट घरी ठेवा, आणि होडीची कागदपत्रे ठेवता त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

वहिनींचे काय झाले? पत्र मिळाल्यावर काकांनी फोन केला. जाळी बांबूवर वाळतात हे त्यांनी स्वतः येऊन पाहिले. ताडपत्री २१ च्या ऐवजी २३ तारखेला पडली. कौले बदलून झाली. पन्हळीचे काम उघडीप न मिळाल्याने ५ जुलैला अर्धे राहिले होते. तेव्हा वहिनींनी भांडण न करता दोन ओळींचे दुसरे पत्र दिले, पहिल्या पत्राची तारीख घालून. १४ जुलैला पन्हळ बसली, आणि वायरमनने बोर्ड तपासून दिल्यावर स्वयंपाकघरातला दिवा पुन्हा लागला.

ज्यांना पत्र लिहायला अडचण आहे त्यांनी करार, भाड्याच्या पावत्या आणि फोटो घेऊन कचेरीत यावे. बंदीच्या दिवसांत आम्ही सकाळी असतोच.