लंडनच्या रस्त्यावरची पाटी कशी वाचावी?

आपल्यापैकी काहींची मुले लंडनला नोकरीला आहेत आणि काहीजण त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाऊनही येतात. तिथून येणाऱ्या फोटोंत रस्त्याकडेच्या पाट्या दिसतात. मुलाने गाडी लावली आणि दंडाचा कागद आला, तर चूक बहुधा पाटी वाचण्यात झालेली असते.

एक पाटी घेऊ. निळ्या चौकोनात पांढरा पी, म्हणजे इथे गाडी लावता येते. खाली लिहिले आहे: सोमवार ते शनिवार, सकाळी ८.३० ते सायंकाळी ६.३०, परमिटवाले किंवा पैसे भरणारे, जास्तीत जास्त २ तास, १ तासाच्या आत परत येऊ नये. परमिट म्हणजे त्या भागातल्या रहिवाशांना मिळणारा परवाना. तो नसेल तर पैसे भरायचे. मंगळवारी ११ वाजता गाडी लावली तर १ वाजता ती काढायलाच हवी. आणखी पैसे भरून वेळ वाढत नाही आणि २ वाजेपर्यंत तिथे परतही लावता येत नाही. पैसे भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत कायद्याने मिळते, पण ती निघण्यापुरती. हीच गाडी शनिवारी ५ वाजता लावली तर दीड तासाचेच पैसे. रविवार पाटीवर नाही, म्हणून सोमवारी ८.३० पर्यंत गाडी राहू शकते. मात्र जवळ 'सस्पेंडेड' अशी पिवळी पाटी असेल, तर ती जागा त्या दिवसांपुरती बंद समजावी.

खरी फसगत वेगळीच आहे. रस्त्याच्या कडेला एकच पिवळी रेघ असते, पाटी कुठेच नसते. माणूस म्हणतो, पाटी नाही म्हणजे मोकळे रान! तसे नव्हे. अशा भागाला कंट्रोल्ड झोन म्हणतात आणि त्याच्या वेळा भागात शिरतानाच्या मोठ्या पाटीवर असतात. आतल्या रेघेजवळ निराळी वेळ असेल तरच पाटी लावतात. दोन पिवळ्या रेघा असल्या तर कुठल्याच वेळी गाडी उभी करून जाऊ नये.

म्हणून गाडी लावल्याबरोबर तीन फोटो घ्यावेत: जवळच्या पाटीचा, गाडी व रेघा एकत्र दिसतील असा, आणि पैसे भरल्याच्या पावतीचा. झोनची पाटी शिरतानाच पाहून घ्यावी.

एवढे करूनही काचेवर कौन्सिलची नोटीस आली, तर घाईने पैसे भरू नयेत. एकदा पैसे भरले की प्रकरण मिटते, मग हरकत घेता येत नाही. आधी नोटिशीतील जागा, वेळ व कारण फोटोंशी ताडून पाहावे. चूक आपली असेल तर १४ दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम लागते, नाहीतर २८ दिवसांत पूर्ण. नोटीस चुकीची वाटली तर त्याच १४ दिवसांत फोटो जोडून लेखी हरकत पाठवावी. पाटी झाडाच्या फांदीआड दडलेली असेल, तर तसा फोटो जरूर जोडावा.