शिफारसपत्र आणि पाचशे अक्षरांचा रकाना

माझ्या एका विद्यार्थिनीला एम.एस्सी.च्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस हवी होती. मी रविवारी बसून दीड पानांचं पत्र लिहिलं, सोमवारी अर्ज उघडला, तर पत्र जोडायला जागाच नव्हती. ‘शिफारसकर्त्याचे मत, कमाल ५०० अक्षरे’ एवढा एकच रकाना होता. आता बहुतेक ठिकाणी असंच असतं, म्हणून दीड पानाचा एक परिच्छेद कसा होतो ते इथे त्याच पत्रावरून सांगतो.

पहिल्या प्रयत्नात मी जे केलं तेच बहुतेक शिक्षक करतात. प्रत्येक परिच्छेदाचा एकेक शब्द उचलला आणि ते शब्द एका वाक्यात ओवले: ‘ती हुशार, मेहनती, प्रामाणिक, नम्र आणि अभ्यासू विद्यार्थिनी असून तिने सर्व उपक्रमांत उत्साहाने भाग घेतला आहे.’ अक्षरांत हे सहज बसलं. पण वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलीचं नाव वर घातलं असतं तरी त्यातला एक शब्द बदलावा लागला नसता. पत्र सारख्या प्रमाणात सगळीकडून आवळलं की असंच होतं. प्रसंग गळून पडतात आणि विशेषणं मागे उरतात, कारण विशेषण एका शब्दात मावतं आणि प्रसंगाला निदान दोन वाक्यं लागतात. म्हणून पत्र आवळू नये. त्यातलं बरंचसं सरळ काढून टाकावं आणि जे ठेवायचं ते पुरतं ठेवावं.

काय काढायचं हे अर्जच सांगतो. तो वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. गुण, टक्केवारी, महाविद्यालयाचं नाव, माझं पद, प्रमाणपत्रं, कुटुंबाचं उत्पन्न, या प्रत्येकाला तिथे वेगळा रकाना होता. पत्रातलं ते सगळं मी पेन्सिलीने खोडलं. ‘महोदय’, ‘उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’, सहीवरच्या ओळी हेही गेलं. मग उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे माझ्याशिवाय आणखी कोण सांगू शकेल? गुणपत्रिका सांगू शकत असेल तर खोडा, तिच्या शेजारचे काका सांगू शकत असतील तरी खोडा. दीड पानातून सात-आठ वाक्यं शिल्लक राहिली आणि त्यांतली पाच एकाच प्रसंगाची होती.

तो प्रसंग असा. तिच्या गटाचा प्रकल्प गावातल्या १२ विहिरींच्या पाण्याची दुष्फेनता मोजण्याचा होता, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारा पाण्याचा गुण. यात पाण्यात बफर आणि सूचक घालून वरून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडतात, आणि लालसर रंग निळा झाला की थांबून आकडा घेतात. तिचे एकाच नमुन्याचे तीन आकडे जुळेनात. इतर मुलं अशा वेळी सरासरी काढून मोकळी होतात. ती मात्र रंग बदलतो त्या क्षणाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, हा निळा नीट होतच नाहीये, मधेच जांभळा रेंगाळतो.” बफरची बाटली जुनी होती, त्यातला अमोनिया उडून गेला होता. तिने नवा बफर बनवला, बाराही विहिरींचं पाणी पुन्हा आणलं, पुन्हा मोजलं. जुने आकडे तिने खोडले नाहीत. ते का चुकले हे शेजारी लिहून वहीत तसेच ठेवले.

संशोधनाकडे जाणाऱ्या मुलीबद्दल निवडसमितीला जे कळायला हवं ते एवढ्यात आलं आहे. त्यामुळे प्रामाणिक, चिकाटीची, बारकाईने पाहणारी, हे तिन्ही शब्द लिहायची गरज उरली नाही.

कापताना एक चूक माझ्याकडून होता होता राहिली, ती सांगायलाच हवी. मूळ पत्रात वाक्य होतं, ‘प्रयोगशाळेतील हातकामात ती वर्गात पहिल्या तिघांत आहे’. जागा वाचवायला मी ‘प्रयोगशाळेतील हातकामात’ खोडलं. उरलेलं वाक्य खोटं होतं, कारण लेखी परीक्षेत तिचा क्रमांक बराच खाली आहे, आणि गुणपत्रिका त्याच अर्जाला जोडलेली होती. वाचणाऱ्याला ती विसंगती दिसली असती तर विहिरींच्या प्रसंगावरचाही त्याचा विश्वास उडाला असता. वाक्याची मर्यादा सांगणारे शब्द कापायला सर्वांत सोपे वाटतात, पण वाक्य खरं ठेवणारेही तेच असतात. म्हणून कापलेलं प्रत्येक वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून पाहा. दावा मोठा झाला असेल तर शब्द परत घाला.

उणिवेचं वाक्य मात्र मी काढलं. चारचौघांत बोलताना ती अडखळते, असं पत्रात होतं. दीड पानात ती एक ओळ होती. पाच वाक्यांच्या परिच्छेदात तीच ओळ सहावा हिस्सा झाली असती आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की हाच तिचा मुख्य गुणधर्म. अर्जात उणिवांबद्दल विचारलेलं असेल तर अवश्य लिहावं. इथे विचारलं नव्हतं.

शेवटी परिच्छेद असा झाला:

‘एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी मी तिची ठाम शिफारस करतो. तीन वर्षे मी तिचा प्रात्यक्षिकांचा शिक्षक आहे. १२ विहिरींच्या पाण्याची दुष्फेनता मोजताना एकाच नमुन्याचे तीन आकडे जुळेनात, तेव्हा सरासरी न काढता तिने कारण शोधले: बफर द्रावण जुने झाले होते. तिने ते नव्याने बनवले, बाराही विहिरींचे पाणी पुन्हा आणून मोजले आणि जुने आकडे न खोडता कारणासह वहीत ठेवले. प्रयोगशाळेतील हातकामात ती ३८ जणांच्या वर्गात पहिल्या तिघांत आहे.’

पत्रात आपण शिफारस शेवटी करतो. इथे ती पहिल्याच वाक्यात आहे, कारण समितीपुढे असे शेकडो रकाने एकाखाली एक येतात आणि पहिली ओळ तरी वाचली जातेच.

आता मोजणी. हा परिच्छेद साधारण ४१० अक्षरांचा आहे, पण ही अक्षरं आपण शाळेत मोजतो तशी नव्हेत. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो, शिवाय मोकळी जागाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा, संगणकाच्या हिशेबात तो १० भरतो. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज करून मराठी मजकूर कधीच बसत नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिता त्यातच अक्षरसंख्या बघा आणि मर्यादेच्या थोडं अलीकडे थांबा. ही काळजी घ्यायचं कारण असं की अनेक रकाने जादा मजकूर चिकटवला की काही न सांगता मर्यादेपुढचा भाग टाकून देतात. चिकटवल्यावर रकान्याच्या तळाशी जाऊन शेवटचं वाक्य पूर्णविरामासकट दिसतंय का ते पाहा. ठळक अक्षरं आणि परिच्छेदांची मांडणीही तिथे बहुधा टिकत नाही, म्हणून सगळं एका सलग परिच्छेदात साध्या अक्षरांतच लिहावं.

दीड पानांचं मूळ पत्र मात्र फेकू नका. पुढचा अर्ज १५०० अक्षरांचा असू शकतो. तेव्हा या परिच्छेदाला विशेषणं जोडत बसू नका, पत्रातला दुसरा प्रसंग काढा आणि तोही असाच पुरता लिहा.