कोपराचं एक वर्ष

ऑगस्ट २००४. हॉलंडमध्ये भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांची तिरंगी मालिका होती आणि सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराचं दुखणं तिथे उघड झालं. तोवर टेनिस एल्बो हे नाव आपल्याकडे दवाखान्यापुरतंच होतं, पुढच्या वर्षभरात ते घराघरांत पोचलं. त्याची चॅम्पियन्स ट्रॉफी बुडाली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बंगळुरू आणि चेन्नईच्या कसोट्याही बुडाल्या. नागपूरच्या कसोटीत तो उतरला, पण दोन डावांत मिळून दहा धावा झाल्या. आणि मग डिसेंबरात ढाक्याला त्याच कोपरानिशी नाबाद २४८. गावसकरांच्या ३४ शतकांची बरोबरी तिथे झाली. लोकांना वाटलं, दुखणं संपलं. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा त्याच लोकांना आश्चर्य वाटलं.

मला त्यात आश्चर्यासारखं काही दिसत नाही. या दुखण्याचा स्वभावच असा आहे. ते चार आठवडे गप्प बसतं आणि पाचव्या आठवड्यात भरलेली कळशी उचलताना पुन्हा डोकं वर काढतं. शिरवण्यात फिजिओथेरपी करताना हे मी गावठाणातल्या बायकांत पाहत आलो आहे आणि एमआयडीसीतल्या कामगारांतही. टेनिसची रॅकेट त्यांतल्या कुणाच्याच हातात नसते.

सचिन उजव्या हाताने खेळायचा, मग दुखलं डावं कोपर कसं? कारण डावा हात बॅटच्या दांड्यावर वर असतो आणि बॅटचा भार मुख्यतः तोच पेलतो. त्याची बॅट तीन पौंडांहून जड होती. कुठलीही वस्तू घट्ट धरताना मनगट किंचित मागे ताठ ठेवावं लागतं, नाहीतर मूठ ढिली पडते. मनगट मागे धरून ठेवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाशी एका आखूड कंडरेने बांधलेले असतात. म्हणून हाताने काहीही पकडलं की ताण कोपराशी येतो. पिळा घालताना, पोळ्या लाटताना, स्क्रूड्रायव्हर फिरवताना, पालथ्या हाताने पिशवी उचलताना, प्रत्येक वेळी तेच घडतं.

ही कंडरा सुजते अशी समजूत फार काळ होती. रॉबर्ट निर्शल या अमेरिकन शल्यविशारदाने शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. विस्कटलेले तंतू होते आणि अर्धवट दुरुस्तीच्या खुणा होत्या. उपचारांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, कारण सूजच नसेल तर सूज मारणारं औषध नेमकं काय करणार?

आमच्या एका पॅकिंग कामगाराचं वर्ष सांगतो. वय चाळिशीच्या पुढे. दिवाळीआधीच्या ओव्हरटाइममध्ये तो दिवसभर लाकडी खोक्यांचे स्क्रू हाताने आवळायचा. आधी संध्याकाळी कोपर ठणकायचं, मग सकाळचा चहाचा कप उचलतानाही कळ येऊ लागली. डिसेंबरात त्याला कुठेतरी कोपरात स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. दोन-तीन दिवसांत दुखणं गायब! तो पुन्हा पूर्ण पाळीला लागला आणि फेब्रुवारीत आला तेव्हा पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत होता.

हे त्याचंच नशीब नव्हे. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सहा आठवड्यांनी ९२ टक्के बरे होते, नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी ३२ टक्केच. वर्षभराने आकडे उलटले: इंजेक्शनवाले ६९ टक्के, वाट पाहणारे ८३ आणि फिजिओथेरपी घेणारे ९१. दुखणं लपतं, माणूस त्याच कंडरेवर पूर्ण भार टाकतो आणि ती तर तयार झालेलीच नसते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतही हेच दिसलं. तरी इंजेक्शनाची मागणी कमी होत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला सहा आठवडे हेच खरे आठवडे असतात, हे मी समजू शकतो.

पॅकिंगवाला आला तेव्हा दुखणं टेनिस एल्बोचंच आहे का, हे आधी ठरवायचं होतं. कोपर सरळ, तळहात खाली, मूठ वळलेली, आणि मी मनगट खाली दाबताना त्याने ते वर धरायचं. कळ नेमकी बाहेरच्या हाडाच्या टोकाशी आली. मधलं बोट ताठ धरायला लावून दाबलं, तेव्हाही तिथेच. त्या टोकावर अंगठा ठेवला तर तो कळवळला. दुखरी जागा तीन-चार बोटं खाली, हाताच्या मांसल भागात असती, तर दबलेल्या शिरेचा विचार केला असता. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असती किंवा बोटांना मुंग्या येत असत्या, तर मान तपासली असती. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, अडकत असेल, गरम होऊन सुजलं असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. यातलं काहीच नव्हतं, म्हणून एक्स-रेही काढला नाही.

पहिलं काम कारखान्यातलं होतं. त्याच्या मुकादमाशी बोलून स्क्रूंसाठी बॅटरीचा ड्रायव्हर मिळवला. खोकं उचलताना तळहात वर ठेवायचा, वस्तू अंगाजवळ धरायची, एवढंच त्याला शिकवलं. कामाच्या वेळी कोपराच्या दोन बोटं खाली पट्टा. पट्ट्याने आराम पडतो, दुरुस्ती होत नाही, हेही त्याला सांगितलं.

मग व्यायाम. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली. सुरुवातीला मनगट सरळ धरून अर्धा मिनिट थांबायचं, बस. दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं आणि सावकाश, तीन-चार सेकंद घेत खाली सोडायचं. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा जास्त दुखत असेल, तर वजन कमी करायचं. पूर्ण विश्रांती मी देत नाही. भारच नसेल तर कंडरा आणखी कमकुवत होते.

पहिला महिनाभर फरक दिसला नाही, आणि सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात. तो टिकला. पावसाळा लागला तेव्हा बाटली एक लिटरची झाली होती आणि मूठ आवळताना कळ येत नव्हती. गणपतीत त्याने आरास उचलली.

सचिनला एवढी सवड नव्हती. शस्त्रक्रियेनंतरही पाच महिने गेले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ काढले. पस्तिसावं कसोटी शतक १० डिसेंबरला दिल्लीत झालं, चौतिसाव्यानंतर वर्षाने. शस्त्रक्रियेने त्याला किती फायदा झाला आणि त्या महिन्यांच्या शिस्तीने किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात काहींची खरी शस्त्रक्रिया झाली, काहींना नुसतीच चीर दिली, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. रुग्ण जेमतेम २६ होते, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. पण सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही कोपर हटून बसलं, तरच मी कुणाला शल्यविशारदाकडे पाठवतो, आणि अशी माणसं थोडीच निघतात.

पॅकिंगवाल्याचं कोपर भरलेला गॅस सिलिंडर उचलताना अजून एखाद्या वेळी चमकतं. मग तो आठवडाभर बाटली काढतो.