चित्राचं मीटर कशावर पळतं?

फ्लेक्सच्या आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रं काढून घेणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. गणपतीमागे प्रभावळ हवी, पत्रिकेवर पैठणीच्या काठासारखी नक्षी हवी; वाक्य टाइप करायचं, चित्र येतं, खात्यातलं क्रेडिट कापलं जातं. त्यानंतरची तक्रारही ठरलेली असते. चित्रातल्या हाताला सहा बोटं आली, चित्र फेकून दिलं, तरी क्रेडिट गेलं ते गेलंच.

तक्रार समजण्यासारखी आहे, पण मशीनच्या लेखी सहा बोटांच्या आणि पाच बोटांच्या चित्रात काडीचाही फरक नसतो. दोन्हींना तेवढीच आकडेमोड लागते. आपण पैसे मोजतो ते चित्र चांगलं आल्याचे नाही, तर एक महागडं ग्राफिक्स कार्ड काही सेकंद अडवून ठेवल्याचे. त्या काही सेकंदांत काय होतं ते पाहिलं, की बिल वाचता येतं.

उदाहरणाला ‘स्टेबल डिफ्यूजन’ घेऊ. ऑगस्ट २०२२मध्ये हे मॉडेल सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे ते लपलेलं नाही. त्याच्या पहिल्या आवृत्त्या ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र काढत. सुरुवातीला चित्र नसतंच, असतो तो ठिपक्यांचा निव्वळ गोंधळ. मॉडेल त्या गोंधळाकडे पाहून अंदाज करतं, की यातला किती भाग कचरा आहे. तो थोडा काढला जातो. उरलेल्यावर पुन्हा तोच अंदाज, पुन्हा थोडी सफाई. असं वीस-पंचवीस वेळा झालं, की गोंधळातून चित्र वर येतं. या प्रत्येक फेरीला ‘स्टेप’ म्हणतात.

बाहेरून न दिसणारी गोष्ट ही, की साधारणपणे प्रत्येक स्टेपला मॉडेल दोनदा चालवावं लागतं. एकदा आपलं वाक्य देऊन, एकदा न देता. दोन्ही उत्तरांतला फरक म्हणजे आपल्या वाक्याचा परिणाम; तो फरक वाढवून वापरला, तरच चित्र सांगितल्याबरहुकूम निघतं. म्हणजे २५ स्टेप्सना ५० फेऱ्या.

आता एका फेरीचा पसारा पाहा. गोंधळ साफ करणाऱ्या भागात ८६ कोटी आकडे साठवलेले आहेत. प्रशिक्षणातून जे काही शिकलं गेलं, ते सगळं या आकड्यांत आहे. एका फेरीत त्यांच्याशी होणारे गुणाकार आणि बेरजा मोजल्या, तर त्या ढोबळमानाने सत्तर हजार कोटींच्या घरात जातात. त्याला पन्नासने गुणा: एका छोट्या चित्रासाठी पस्तीस लाख कोटी. आणि ही काटकसर करून आलेली संख्या आहे. मॉडेल पूर्ण पिक्सेलांवर काम न करता चित्राच्या ६४ बाय ६४च्या आटवलेल्या रूपावर काम करतं आणि शेवटी ते फुलवून मोठं करतं. पूर्ण चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात, आटवलेल्या रूपात १६,३८४, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचे. ही युक्ती नसती, तर घरच्या संगणकावर चित्र काढण्याचा विचारच सोडून द्यावा लागला असता.

घरच्या संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो. फाटे फुटणारी, एकावर एक अवलंबून असलेली कामं तो झपाट्याने करतो. पण त्याचे गाभे आठ-दहा, फार तर वीस-चोवीस. इथलं काम नेमकं उलट्या जातीचं आहे: अजिबात हुशारीचं नाही, पण कोट्यवधी गुणाकार एकमेकांची वाट न पाहता एकाच वेळी करता येतात. खेळांमधले लाखो पिक्सेल एकदम रंगवायला जी कार्डं बनली, ती याच कामासाठी घडवल्यासारखी निघाली. मध्यम किमतीच्या आरटीएक्स ३०६०मध्ये ३,५८४ छोटे गाभे आहेत. त्यावर वरचं चित्र चार-पाच सेकंदांत होतं. नुसत्या प्रोसेसरवर तेच चित्र काही मिनिटं घेतं.

वेग कमी असला तर माणूस थांबेल. कार्डाची स्मृती, म्हणजे व्हीरॅम, कमी पडली तर मात्र काम अडतं. मॉडेलचे सगळे आकडे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत बसावे लागतात. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले, तर ८६ कोटींना पावणेदोन जीबी. जुलै २०२३मध्ये आलेल्या एसडीएक्सएलमध्ये याच भागात २६० कोटी आकडे आहेत, म्हणजे सव्वापाच जीबी. २०२४च्या ‘फ्लक्स’मध्ये १,२०० कोटी, त्यांनाच २४ जीबी लागतात. शिवाय वाक्य समजून घेणारा भाग वेगळा आणि आकडेमोड चालू असतानाची कच्ची जागा वेगळी. आकडे कमी बाइटांत दाबून बसवता येतात, पण बारकाव्यांत त्याची थोडीफार किंमत मोजावी लागते.

जागा संपली की पडद्यावर `CUDA out of memory` असा संदेश येतो आणि काम थांबतं. हा निदान प्रामाणिक प्रकार. २०२३पासून विंडोजवर एन्व्हिडियाचं ड्रायव्हर अशा वेळी संगणकाची साधी रॅम उसनी घेऊ लागलं. संदेश येत नाही, पण पाच सेकंदांच्या चित्राला मिनिटं लागतात, कारण आकडे कार्ड आणि रॅम यांच्यामधल्या अरुंद वाटेने ये-जा करत राहतात. ‘कार्ड बिघडलं’ म्हणून दुकानात नेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये `Shared GPU memory` हा आकडा चढतोय का ते पाहावं. चढत असेल तर कार्ड ठणठणीत आहे, मॉडेल त्याच्या मानाने मोठं आहे.

चित्राचा आकार वाढवला की किंमत जी उसळते, तिचं कारणही इथेच आहे. चित्राची प्रत्येक जागा बाकी प्रत्येक जागेशी ताडून पाहिली जाते. डावा डोळा उजव्याशी जुळतो तो त्यामुळे. ६४ बाय ६४मध्ये ४,०९६ जागा, म्हणजे सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख जोड्या. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की जागा चौपट होतात आणि जोड्या सोळापट. सगळंच काम सोळापट होत नाही, पण हा हिस्सा होतो. मोठ्या चित्राला जास्त क्रेडिटं मागणं ही लूट नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ओपनएआयने डॅल-ई ३चे दर लावले तेव्हा साध्या चौकोनी चित्राला ४ सेंट होते आणि लांबट, उच्च दर्जाच्या चित्राला १२.

हे चार सेंट, म्हणजे तेव्हाचे सव्वातीन रुपये, जातात कुठे? हिशोब करून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा एका सेवेने २४ जीबीचं कार्ड तासाला ६० रुपयांनी भाड्याने घेतलं आणि एका चित्राला सहा सेकंद लागतात. मिनिटाला रुपया, म्हणजे चित्राला दहा पैसे. इथे पुष्कळ जण थांबतात आणि म्हणतात, बघा, दहा पैशांच्या मालाचे तीन रुपये घेतात.

पण भाडं तासाचं आहे. जेसीबी दारात उभा राहिला की खणा नाहीतर नुसता बघत बसा, मालकाचा तास चालूच, इथेही तसंच. रात्री तीनला कुणी चित्र मागत नाही आणि संध्याकाळी सातला सगळे एकदम येतात. सातच्या गर्दीला पुरतील इतकी कार्डं ठेवली, तर उरलेल्या वेळी ती रिकामी बसतात. तासातली पंधराच मिनिटं काम असेल, तर दहा पैशांचे चाळीस होतात. कार्ड रिकामं असताना सोडून द्यावं, तर पुढच्या गिऱ्हाइकासाठी सहा-सात जीबीचं मॉडेल पुन्हा चढवावं लागतं. त्यात अर्धा मिनिट गेला, तर पन्नास पैसे तिथेच उडाले. शिवाय वाक्य आणि चित्र आक्षेपार्ह नाही ना याची तपासणी, चित्र साठवणं, पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं कमिशन, फुकट चाचणी देणाऱ्यांचा खर्च, पगार आणि नफा. आपल्याकडून त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि डॉलरमध्ये पैसे भरले तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

राहिला प्रशिक्षणाचा खर्च. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्तीला २५६ ए१०० कार्डांवर मिळून सुमारे दीड लाख तास लागले, म्हणजे सगळी कार्डं अखंड चालवली तर चोवीस-पंचवीस दिवस. स्टेबिलिटी एआयचे तेव्हाचे प्रमुख एमाद मोस्ताक यांनी हा खर्च सहा लाख डॉलर सांगितला होता. चित्रामागे एक सेंट वसूल करायचा, तर सहा कोटी चित्रं विकावी लागतात. स्वतःचं मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने हा सेंट मागितला तर तो रास्तच आहे. पण कितीतरी संकेतस्थळं हीच खुली मॉडेलं चालवतात आणि भाव मात्र मॉडेल बनवणाऱ्यांचा लावतात. तिथे तो सेंट प्रशिक्षणाचा नसतो, जाहिरातीचा असतो.

मिडजर्नी या बाबतीत सरळ आहे. ती चित्रं न विकता कार्डाचा वेळच विकते: महिना दहा डॉलरच्या योजनेत सुमारे ३.३ तास, तीस डॉलरच्या योजनेत १५ तास. त्यावर रांगेत थांबायची तयारी असेल, तर तीस डॉलरवाल्याला हवी तितकी चित्रं. हे परवडतं, कारण रांगेतली कामं रिकाम्या बसलेल्या कार्डांवर चढवली जातात.

क्रेडिट मात्र वेळ आणि पैसा दोन्ही झाकतं. जुलै २०२२मध्ये डॅल-ई २ची ११५ क्रेडिटं १५ डॉलरला मिळत आणि एका क्रेडिटला चार चित्रं येत. म्हणजे चित्रामागे तीन सेंटांहून थोडं जास्त; पण हे कळायला दोन भागाकार करावे लागत. दर महिन्याला मिळणारी फुकट क्रेडिटं महिनाअखेर बुडत. न वापरलेलं क्रेडिट हा विक्रेत्याचा सर्वांत स्वस्त माल आहे, त्यासाठी कार्ड क्षणभरही चालवावं लागत नाही.

मग स्वतःचं कार्ड घ्यावं का? विजेची काळजी नको. पूर्ण संगणक ३०० वॅट खातो आणि एसडीएक्सएलच्या एका चित्राला २५ सेकंद लागतात असं धरलं, तर एका युनिटात ४८० चित्रं होतात. युनिट दहा रुपयांचं असलं, तरी चित्राला दोन पैसे. पण कार्डाला तीस हजार लागले, तर साडेतीन रुपयांच्या भावाने तेवढ्यात साडेआठ हजार चित्रं विकत मिळतात. रोज पन्नास चित्रं काढणाऱ्या दुकानाचे पैसे सहा महिन्यांत सुटतील. महिन्याला वीस काढणाऱ्याला पस्तीस वर्षं लागतील. त्याने क्रेडिटंच घ्यावीत, मुदत वाचून घ्यावीत, कल्पना लहान आकारात चाचपून पाहाव्यात आणि पसंत पडलेलं एकच चित्र मोठं करून घ्यावं.