ताईंनी बसायचं पाण्यापाशी

बालवाडीत तांदूळ, पाणी आणि माती यांचे खेळ मांडायचे, तर आधी ठरवावं लागतं ते ताईंनी बसायचं कुठे. समजा, 3 ते 6 वर्षांची 15 मुलं आहेत, एक ताई आणि एक मदतनीस. पाच-पाच मुलांचे तीन गट करा. तांदूळ वर्गात, माती ओट्यावर आणि पाणी या दोन्हींच्या मध्ये, दारापाशी. ताईंची जागा पाण्याजवळ. दर पंधरा मिनिटांनी गट जागा बदलतील, ताई मात्र तिथून उठणार नाहीत.

याचं कारण साधं आहे. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि बुडताना ते बहुधा ओरडत नाही. म्हणून बादली किंवा टब नको. पसरट घमेल्यात बोटभर पाणी घाला, सोबत नरसाळं, चाळणी, स्पंज आणि लहान-मोठे पेले द्या. उंच पेल्यातलं पाणी बसक्या वाटीत ओतलं की 'कमी झालं' असं मुलांना वाटतं. ते परत पेल्यात ओतायला सांगा आणि काय दिसतं ते त्यांनाच बोलू द्या. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाका, घमेलं पालथं ठेवा.

तांदळाच्या परातीखाली जुनी चादर अंथरा. सांडलेल्या दाण्यांवरून पाय घसरतो, शिवाय चादर उचलली की सगळे दाणे एकदम गोळा होतात. मापट्याने भरणं, बोटाने अक्षर गिरवणं असे खेळ इथे रंगतात. परातीत मणी, चिंचोके किंवा कच्चा राजमा लपवू नका; ते घशात अडकू शकतात. जे मूल अजून हाताला येईल ते तोंडात घालतं, त्याला मऊ शिजवलेला भात द्या. नाकात किंवा कानात दाणा गेला तर चिमट्याने काढायला जाऊ नका आणि कानात पाणी घालू नका, दाणा फुगतो. मुलाला डॉक्टरांकडे न्या. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत काहीतरी अडकलं असल्याची शंका घ्यावी.

मातीसाठी शाडू चांगला, पण तो मुलं येण्याआधीच भिजवून मळून ठेवा. कोरड्या मातीची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यामुळे नंतर ओटा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. प्लास्टर ऑफ पॅरिस अजिबात वापरू नका. घट्ट होताना ते इतकं तापतं, की आत अडकलेला हात भाजतो. हातावर जखम किंवा पुरळ असलेल्या मुलाला त्या दिवशी मातीत बसवू नका. शेवटी सगळ्यांचे हात साबणाने धुवा.

आणि ज्या दिवशी मदतनीस रजेवर असेल, त्या दिवशी पाण्याचा खेळ मांडू नका.