सहा महिन्यांचा परदेशप्रवास आणि नव्वद दिवसांचा हिशेब

बीड जिल्ह्यातून पुण्याला शिकायला गेलेली आणि तिथून नोकरीसाठी जर्मनी गाठलेली मुले आता आईवडिलांना तिकडे बोलावू लागली आहेत, आणि असे बोलावणे आले की घरोघरी एकच मनसुबा ठरतो: एवढा खर्च करून जायचेच आहे, तर सहा महिने राहून यावे. या मनसुब्यामागे काही गैरसमज घट्ट रुतून बसलेले आढळतात. त्यांचा उलगडा एका कल्पित उदाहरणावरून करता येईल. समजा, अंबाजोगाईतील एका निवृत्त शिक्षक दांपत्याला स्टुटगार्टमधील मुलाकडे १ एप्रिलला पोहोचून सप्टेंबरअखेर परतायचे आहे.

पहिला गैरसमज असा की, व्हिसा जितक्या मुदतीचा, तितके दिवस तिथे राहता येते. वस्तुतः शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह २९ युरोपीय देशांच्या सामाईक क्षेत्रात प्रवेश देणाऱ्या अल्पमुदतीच्या परवान्यावर, तीन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल आणि किती वेळा आत येता येईल. मुदत वर्षभराची असली, तरी कोणत्याही सलग १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही, आणि हे ९० दिवस एकट्या जर्मनीत नव्हे, तर साऱ्या क्षेत्रात मिळून मोजले जातात. त्यामुळे आठवडाभर पॅरिसला जाऊन आल्याने जर्मनीतले दिवस वाचत नाहीत.

याला जोडूनच दुसरी समजूत असते की, चार दिवस क्षेत्राबाहेर जाऊन आले की मोजणी नव्याने सुरू होते. नियमातील १८० दिवसांचा काळ ठरावीक तारखेला सुरू होऊन संपणारा नसून रोज एक दिवस पुढे सरकणारा आहे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यांत क्षेत्रात काढलेले दिवस मोजायचे. आगमनाचा आणि प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस मोजणीत येतात. हे दांपत्य १ एप्रिलपासून सलग राहिले, तर २९ जूनला त्यांचे ९० दिवस भरतात. त्यानंतर १ एप्रिल हा दिवस मोजणीतून मागे पडेपर्यंत, म्हणजे २८ सप्टेंबर उजाडेपर्यंत, त्यांना परत आत येता येत नाही. दोन-चार दिवस जास्त झाले तर कोण मोजत बसणार, हा दिलासाही आता उरलेला नाही, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून त्यात बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांच्यासह ये-जा टिपली जाते.

तरीही सहा महिने घराबाहेर राहणे शक्य आहे, फक्त मुक्काम तोडावा लागतो. १ एप्रिल ते १५ मे हे ४५ दिवस मुलाकडे, १६ मे ते १४ ऑगस्ट हे ९१ दिवस क्षेत्राबाहेर आणि १५ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर हे ४५ दिवस पुन्हा मुलाकडे, अशी मांडणी नियमात बसते. येथे मार्गाचा क्रम निर्णायक ठरतो. सर्बिया वैध शेंगेन व्हिसाधारकाला वेगळ्या व्हिसाविना येऊ देतो. अल्बानियाही देतो, परंतु तो व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा आणि आधी एकदा वापरलेला असावा लागतो. तुर्कस्तान अशा व्हिसाच्या आधारावर ३० दिवसांचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा देतो. म्हणजे अल्बानिया आधी आणि जर्मनी नंतर असा क्रम लावला तर तो सीमेवरच कोलमडेल. याउलट जर्मनी, सर्बिया, अल्बानिया, तुर्कस्तान आणि परत जर्मनी हा क्रम चालतो, मात्र शेंगेन व्हिसाची मुदत किमान २८ सप्टेंबरपर्यंत असायला हवी. असे नियम देश वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे आवश्यक असते.

नकाशा पाहून आखलेला स्वस्त रस्ता इथे कसा फसवतो, हेही ध्यानात घ्यावे. अल्बानियातून तुर्कस्तानला बसने जाताना ग्रीस लागतो आणि ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे. नुसते तिथून पार झाले तरी एक प्रवेश खर्ची पडतो आणि दिवसही मोजले जातात. व्हिसा दोनच प्रवेशांचा असेल, तर ऑगस्टमध्ये मुलाच्या घराचे दार बंद झालेले असेल. तिराना ते इस्तंबूल थेट विमान घेतले की हा प्रश्न उद्भवत नाही.

व्हिसाचे वाटेत पाहून घेऊ, असे म्हणणाऱ्यांची संख्याही कमी नाही. शेंगेनचा अर्ज सर्वसाधारणपणे अर्जदार जिथला कायदेशीर रहिवासी आहे तिथेच, म्हणजे या दांपत्याच्या बाबतीत भारतातच, करावा लागतो आणि तोही प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत. बीडकराला त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरातील केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्ज जिथे सर्वाधिक मुक्काम होणार त्या देशाकडे करायचा असतो. विमान आधी कुठे उतरते, हे मुक्काम सारखेच असतील तेव्हाच विचारात घेतले जाते. अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागून वरील संपूर्ण आखणी जोडावी, पण पहिल्याच वेळी तसा व्हिसा मिळेलच असे नाही. २०२४ पासून भारतीयांसाठी लागू झालेल्या व्यवस्थेत, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानुसार वापरलेल्यांना दोन वर्षांचा अनेक-प्रवेशी व्हिसा मिळू शकतो. हाती एकाच प्रवेशाचा व्हिसा पडला, तर ९० दिवसांचा सलग मुक्काम करून परतणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

पैशांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या एकूण खर्चाला सहाने भागण्याची सवय नडते. हिशेब समजण्यापुरते आकडे घेऊ: मुलाकडे असताना महिन्याला ४० हजार आणि बाहेर असताना, घरभाडे व जेवण धरून, १ लाख २० हजार रुपये. एकूण खर्च ४ लाख ८० हजार आणि सरासरी ८० हजार येते. या सरासरीनुसार साडेचार महिन्यांअखेर ३ लाख ६० हजार संपायला हवेत, प्रत्यक्षात ४ लाख २० हजार संपलेले असतात. म्हणजे दर महिन्याला घरून ८० हजारच येणार असतील, तर इस्तंबूलमध्ये ६० हजारांची चणचण भासते. शिवाय युरो भरलेले प्रवासी कार्ड सर्बियाच्या दिनार, अल्बानियाच्या लेक आणि तुर्कस्तानच्या लिरामध्ये खर्च करताना चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो, आणि दुकानातील यंत्राने रक्कम रुपयांत हवी का असे विचारल्यास ‘हो’ म्हटले की दुकानदाराच्या बँकेचा, बहुधा महागडा, दर सोसावा लागतो.

संपर्काविषयी असा समज असतो की, मुलाने दिलेले जर्मन सिम सगळीकडे चालेल आणि भारतातील सिम काढून ठेवले तरी बिघडणार नाही. युरोपीय संघात जादा शुल्काविना रोमिंग मिळते, पण सर्बिया, अल्बानिया आणि तुर्कस्तान त्या सवलतीत आपोआप येत नाहीत. तिथे स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्यावे. व्हॉट्सॲप मात्र जुन्याच क्रमांकावर चालू राहते. भारतीय सिम मोबाइलमध्ये राहू देणेच बरे, कारण पेन्शनच्या खात्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि त्यासाठी निघण्यापूर्वीच रोमिंग सुरू करून इंटरनेट तेवढे बंद ठेवावे लागते. प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर तेवढी रक्कम कापून तो आणखी ३० दिवस राखला जातो.